ॲसिडचा टँकर चालवण्याआधी लायसन्सवरची तारीख बघ

भावा, उद्यमबागेतून कोल्हापूरला ॲसिड न्यायचं म्हणतोस, तर आधी 3 दिवसांचं घातक मालाचं प्रशिक्षण घे. सर्टिफिकेट नुसतं फायलीत ठेवू नकोस, आरटीओत जाऊन लायसन्सवर तशी नोंद करून घे.

नवीन पोरं फसतात ती तारखेत. ट्रान्सपोर्ट लायसन्स 5 वर्षांचं असतं, घातक मालाची मुदत मात्र 3 वर्षं. जून 2023 ला दोन्ही मिळालं असेल, तर लायसन्स 2028 पर्यंत चालेल, पण ॲसिड जून 2026 नंतर भरता येणार नाही. महिनाभर आधीच उजळणीला नाव घाल.

आणि गोडाऊनमधल्या मित्राला सांग, तुझं सर्टिफिकेट त्याला चालत नाही. विमानाने जाणारा केमिकल माल पॅक करणाऱ्यांचं प्रशिक्षण वेगळं, ते 24 महिन्यांनी पुन्हा करावं लागतं.