ठरावीक कामासाठी मिळालेल्या देणगीच्या नोंदी: मिळाल्यापासून संपेपर्यंत

प्रश्न: मागचं वर्ष संपायला आठवडा असताना आमच्या धर्मादाय ट्रस्टला फिरत्या दवाखान्यासाठी २० लाखांची देणगी मिळाली. पत्रात लिहिलंय की १४ लाख गाडीसाठी आणि ६ लाख दोन वर्षं दवाखाना चालवायला. मी सगळी रक्कम देणगी उत्पन्नात दाखवली. या वर्षी गाडी घेतली, औषधं आणि पगार दिले, तर पत्रकात मोठी तूट दिसतेय. बरोबर नोंदी कोणत्या?

उत्तर:

तुमची तूट खरी नाही, आणि मागच्या वर्षी दिसलेली शिल्लकही खरी नव्हती. पैसे आले एका वर्षात, काम होणार पुढच्या दोन-तीन वर्षांत. सगळी रक्कम आली त्या दिवशीच उत्पन्नात धरली की पहिलं वर्ष फुगतं आणि पुढची वर्षं बुडाल्यासारखी दिसतात. मी बरीच वर्षं ट्रस्टची हिशेबपुस्तकं लिहितोय, आणि ही चूक मी स्वतः तपासलेल्या पुस्तकांत सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे.

नोंदीच्या आधी देणगीदाराचं पत्र समोर ठेवा, कारण सगळं त्यावर ठरतं. बंधन देणगीदाराने घातलंय, की विश्वस्तांनी नंतर ठराव करून पैसे बाजूला ठेवलेत? ठरावाने बाजूला ठेवलेली रक्कम विश्वस्त उद्या दुसऱ्या ठरावाने परत फिरवू शकतात, म्हणून ती सर्वसाधारण निधीचाच एक भाग असते. तुमचं बंधन बाहेरून आलेलं आहे, ते विश्वस्तांना एकट्याने काढता येत नाही. तसंच ही कॉर्पस देणगीही नाही. कॉर्पसमध्ये मूळ रक्कम जपायची असते, इथे ती खर्च करण्यासाठीच दिलेली आहे. बऱ्याच पुस्तकांत हे तिन्ही प्रकार ‘इतर निधी’ या एकाच शीर्षकाखाली कोंबलेले असतात आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही.

आता मिळाल्याची नोंद. ती अशी हवी होती:

बँक खाते नावे २०,००,०००
फिरता दवाखाना निधी खाते जमा २०,००,०००

हा निधी ताळेबंदात, उत्पन्न-खर्च पत्रकाच्या बाहेर. त्याच्याखाली दोन पोटखाती उघडा: गाडी १४,००,००० आणि चालवण्याचा खर्च ६,००,०००. पत्रात दोन हेतू वेगळे लिहिलेत, म्हणून गाडी स्वस्तात मिळाली तरी उरलेले पैसे आपोआप औषधांकडे वळत नाहीत. त्यासाठी देणगीदाराला विचारावं लागेल.

तुमची मागच्या वर्षाची पुस्तकं बंद झाली असतील, तर ती उघडू नका. ती रक्कम आता शिल्लकेच्या रूपाने सर्वसाधारण निधीत जाऊन बसली आहे, तिथूनच ती काढायची:

सर्वसाधारण निधी नावे २०,००,०००
फिरता दवाखाना निधी जमा २०,००,०००

ही दुरुस्ती या वर्षाच्या खर्चात धरू नका, नाहीतर २० लाखांची आणखी एक खोटी तूट तयार होईल. सुरुवातीच्या शिल्लकेतच बदल दाखवा आणि हिशेबाच्या टिपेत दोन ओळी स्पष्ट लिहा: मागच्या वर्षी काय धरलं होतं, आता काय केलं, रक्कम किती. नोंद करण्याआधी ऑडिटरशी बोलून घ्या, कारण मागच्या वर्षाचे आकडे पुन्हा मांडायचे की नाही हे तुम्हाला लागू असलेल्या नियमांवर ठरतं.

आता चालवण्याचा खर्च. समजा या वर्षी औषधं, इंधन आणि चालकाचा पगार मिळून २,४०,००० झाले, त्यात ३०,००० चं औषधांचं बिल अजून द्यायचं आहे. खर्च नेहमीसारखा खर्चाच्या खात्यालाच टाका. पुष्कळ जण तो थेट निधी खात्याला नावे टाकतात. आकडे शेवटी जुळतात, पण मग ट्रस्टने वर्षभर किती काम केलं ते पत्रकात दिसतच नाही.

दवाखाना खर्च नावे २,४०,०००
बँक खाते जमा २,१०,०००
औषध विक्रेता देणे जमा ३०,०००

आणि तेवढीच रक्कम निधीतून उत्पन्नात:

फिरता दवाखाना निधी नावे २,४०,०००
निर्बंधित निधीतून वापरलेली देणगी (उत्पन्न) जमा २,४०,०००

खर्च २,४०,०००, उत्पन्न २,४०,०००, फरक शून्य. ही दुसरी नोंद दर महिन्याच्या अखेरीस करा. वर्षअखेरीस एकदाच करायची म्हटलं तर कोणतं बिल या कामाचं आणि कोणतं कार्यालयाचं हे आठवणीवर सोडावं लागतं. प्रत्येक व्हाउचरवर खरेदीच्या दिवशीच निधीचं नाव लिहिलेलं असलं की पुढची अर्धी भांडणं होत नाहीत.

कार्यालयाचं भाडं किंवा हिशेबनिसाचा पगार यातला हिस्सा या निधीवर टाकायचा मोह होतो. पत्रात परवानगी असेल तरच टाका, आणि वाटपाचा आधार (तास, जागा, कामाचे दिवस) आधी लिहून ठेवा. वर्षअखेरीस निधी रिकामा करण्यासाठी ठरवलेला टक्का कोणत्याही ऑडिटरला लगेच कळतो.

गाडीचं मात्र वेगळं आहे, आणि तुमचा गोंधळ मुख्यतः इथेच आहे. गाडी घेतली म्हणजे १४ लाख खर्च झाले नाहीत. पैसे गाडीच्या रूपात ट्रस्टकडेच आहेत. त्यामुळे ते एकदम उत्पन्नातही आणायचे नाहीत.

वाहन खाते नावे १४,००,०००
बँक खाते जमा १४,००,०००

फिरता दवाखाना निधी नावे १४,००,०००
वाहन मालमत्ता निधी जमा १४,००,०००

दुसरी नोंद सांगते की गाडीच्या खरेदीबाबतची अट पुरी झाली, पण त्या रकमेचा उपयोग अजून व्हायचा आहे. तो घसाऱ्याबरोबर होतो. गाडी वर्षाच्या सुरुवातीला घेतली, सात वर्षं चालेल आणि शेवटी काही किंमत उरणार नाही असं धरलं, तर सरळ रेषेने दरवर्षी २,००,०००:

घसारा खर्च नावे २,००,०००
वाहन खाते (संचित घसारा) जमा २,००,०००

वाहन मालमत्ता निधी नावे २,००,०००
निधीतून उत्पन्नात वर्ग जमा २,००,०००

वर्षअखेरीस गाडीची पुस्तकी किंमत १२,००,००० आणि मालमत्ता निधीही १२,००,०००. गाडी पूर्णपणे याच देणगीतून घेतली असेल तर हे दोन आकडे दरवर्षी तंतोतंत सारखे असायला हवेत. फरक पडला तर बहुतेक वेळा एका बाजूला घसाऱ्याची नोंद करायची राहिलेली असते. गाडीला ट्रस्टने स्वतःचे दोन लाख घातले असते, तर निधीतून दरवर्षी फक्त देणगीच्या हिश्श्याएवढाच घसारा उत्पन्नात आणायचा.

ही पद्धत सगळीकडे एकच नाही, हेही सांगायला हवं. काही ठिकाणच्या हिशेबाच्या नमुन्यात निर्बंधित देणगी मिळाल्याबरोबर उत्पन्नात येते, पण वेगळ्या स्तंभात, आणि न वापरलेली शिल्लक त्याच स्तंभात पुढे नेतात. तुम्हाला तो नमुना बंधनकारक असेल तर तो पाळा, मग वर दिलेल्या दुरुस्तीची गरज नाही, फक्त स्तंभ वेगळे करायचे. नुकसान होतं ते निर्बंधित आणि मोकळे पैसे एका स्तंभात मिसळल्याने, किंवा दर वर्षी पद्धत बदलल्याने.

व्याजाचंही पत्रात पाहा. या पैशांवर वेगळ्या बचत खात्यात २०,००० व्याज आलं आणि ते याच कामाला वापरायचं असं पत्रात असेल, तर बँक नावे, फिरता दवाखाना निधी जमा. पत्र गप्प असेल तर देणगीदाराकडून एक ओळ लेखी घ्या. तोपर्यंत मी ते निधीतच ठेवतो, कारण उत्पन्नात घेऊन परत काढण्यापेक्षा ते सोपं आहे.

आता वर्षअखेरची तपासणी. निधीची शिल्लक: २०,००,००० वजा गाडी १४,००,०००, वजा खर्च २,४०,०००, अधिक व्याज २०,०००, म्हणजे ३,८०,०००. त्या वेगळ्या बँक खात्यात किती असायला हवं? ३०,००० चं बिल अजून द्यायचं आहे, म्हणून ४,१०,०००. त्यातून देणं वजा केलं की ३,८०,०००. हा मेळ दर महिन्याला घाला.

मेळ बसला नाही तर काय निघतं हे मी एका ट्रस्टमध्ये पाहिलं आहे. खतावणीत तीन निर्बंधित निधींची शिल्लक मिळून ९ लाख होती आणि बँकेत सगळी खाती धरून ३ लाख. कोणी पैसे पळवले नव्हते. इतर अनुदान उशिरा आलं, म्हणून कर्मचाऱ्यांचे पगार या पैशांतून दिले गेले आणि ते कुठेही लिहिलं नाही. तेरीज जुळत होती, त्यामुळे वर्षभर कोणाला कळलं नाही. देणगीदाराने औषधखरेदीसाठी पैसे सोडा म्हटलं तेव्हा खात्यात ते नव्हते, आणि त्या महिन्यात दवाखाना बंद ठेवावा लागला. मला ते आजही लागतं, कारण वेगळं बँक खातं आणि दरमहा मेळ एवढं असतं तर पहिल्याच महिन्यात दिसलं असतं. अशा उसनवारीने निधी कमी होत नाही. निधी ९ लाखच राहतो आणि सर्वसाधारण निधीने ६ लाख परत द्यायचे असतात. तेवढे त्या निधींचं येणं आणि सर्वसाधारण निधीचं देणं म्हणून लिहायचे. पण देणगीदाराच्या अटीत अशी उसनवारी बसत नसेल, तर ती नीट लिहून ठेवल्याने मान्य होत नाही.

निधी खात्यावर नावे शिल्लक दिसली तर थांबा. मिळालेल्यापेक्षा जास्त खर्च झाला आहे, आणि तो वरचा खर्च सर्वसाधारण निधीनेच सोसायचा असतो. अपवाद एकच: देणगीदाराने जास्तीची रक्कम द्यायचं लेखी कबूल केलं असेल. मग ती येणे म्हणून दाखवता येते.

पुढच्या वर्षी समजा १२,००० व्याज आलं आणि ३,५५,००० खर्च झाले, तर ३७,००० उरतील. दोन वर्षं संपली म्हणून ते उत्पन्नात टाकू नका. परत मागितले तर निधी नावे, बँक जमा. दुसऱ्या कामाला वापरा असं लेखी आलं तर त्या कामाच्या निधीत वर्ग. मोकळे करून दिले तरच ते ट्रस्टचं उत्पन्न. उत्तर येईपर्यंत ते ३७,००० फिरत्या दवाखान्याच्या नावावरच राहू द्या, आणि पाठवलेल्या पत्राची प्रत त्या खात्याच्या फाइलला लावून ठेवा.