रात्रीचं केळं आणि सहाशे ग्रॅम

‘मी नऊला जेवते. साडेदहाच्या सुमारास भूक लागते, तेव्हा सफरचंद किंवा केळं खाते. मैत्रीण म्हणते, रात्री खाल्लेल्या फळातली साखर जिरत नाही, तिची थेट चरबी होते. हे खरं आहे का? रात्रीचं फळ बंद करू का?’

बंद करू नका. मधुमेह असेल तर गोष्ट थोडी वेगळी, ती पुढे सांगते. मी आहारतज्ज्ञ नाही, समुपदेशक आहे. पण हाच प्रश्न इतक्या वेळा कानावर येतो की माझ्या आहारतज्ज्ञ सहकारी बाईंकडून आकडे नीट समजून घेतले. आणि उत्तर म्हणून मला एक केस सांगावीशी वाटते.

बँकेत काम करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एक ताई माझ्याकडे आल्या होत्या. तक्रार चिडचिडीची होती. वजनाचा विषय निघाला तो तिसऱ्या भेटीत. माहेरापासून त्यांना जेवणानंतर केळं खायची सवय. कुणीतरी सांगितलं म्हणून आठ महिन्यांपूर्वी ती बंद केली, आणि तेव्हापासून वजन तीन किलो वाढलं. रक्तातली साखर आणि थायरॉइड दोन्ही तपासून झालं होतं, त्यात काही नव्हतं.

“पण केळं बंद आहे ना?” मी विचारलं.

“बंदच आहे. मध्ये एकदा खाल्लं, तर दुसऱ्या दिवशी काट्यावर सहाशे ग्रॅम जास्त. तेव्हाच पटलं मला.”

“केळ्याचं वजन किती असतं हो?”

त्या गोंधळल्या. “असेल शंभर-सव्वाशे ग्रॅम. सालीशिवाय.”

“मग उरलेले पाचशे ग्रॅम कुठून आले?”

त्या बराच वेळ गप्प बसल्या. मीही बोलले नाही. अशा वेळी समुपदेशकाने तोंड बंद ठेवणं, हे मला शिकायला बरीच वर्षं लागली. मग त्या एकदम हसल्या. “अय्या, मी सव्वाशे ग्रॅम खाऊन सहाशे ग्रॅमने कशी वाढेन?”

त्या रात्री आणखी काय खाल्लं होतं, ते आता आठवायला लागलं. भाचीच्या हळदीचं जेवण होतं. मसालेभात, पापड, लोणचं. मीठ जास्त गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, शिवाय खाल्लेलं अन्न सकाळपर्यंत आतड्यात असतंच. काट्यावर हे सगळं दिसतं. एक किलो चरबी साठायची तर खर्चापेक्षा साधारण 7700 कॅलरी जास्त पोटात जायला लागतात. एका मध्यम केळ्यात असतात शंभरेक. म्हणजे गरजेपुरतं सगळं खाऊन झाल्यावर, वर आणखी 77 केळी.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विचाराने काम करणारी. घटनेपेक्षा घटनेचा आपण लावलेला अर्थ जास्त छळतो, हे मानणारी. ताईंना काट्याने सहाशे ग्रॅम दाखवले होते, ‘चरबी’ हा शब्द त्यांनी स्वतः जोडला होता. तो एवढ्या साध्या प्रश्नाने सुटला, याचा मला आजही थोडा अभिमान वाटतो. नाही कशाला म्हणू!

पण तीन किलो तर खरेच वाढले होते. म्हणून मी त्यांना दोन आठवडे रात्री साडेआठनंतर तोंडात गेलेलं सगळं लिहून आणायला सांगितलं. पहिल्या आठवड्याचं पान जवळजवळ कोरं आलं. मी विचारलं, “स्वयंपाकघर कोण आवरतं?”

“मीच. सव्वाअकराला.”

“आवरताना काही तोंडात टाकता?”

“ते काय खाणं झालं? उभ्याउभ्याच.”

दुसऱ्या आठवड्यात उभ्याने खाल्लेलंही लिहायचं ठरलं. सात रात्रींपैकी चार रात्री डबे उघडले होते. मूठभर शेव, मूठभर दाणे, गुळाचा खडा. सहकारी बाईंनी हिशोब केला. शेव तीस ग्रॅम धरली तर 165 कॅलरी, तेवढेच दाणे 170, गूळ 55. एका रात्रीचे झाले 390. केळ्यापेक्षा 290 जास्त, आणि तेही चार रात्री. उरलेल्या तीन रात्री केळं न खाल्ल्याचे वाचले तीनशे. आठवड्याला निव्वळ वाढ 860. आठ महिन्यांत कागदावर जवळजवळ चार किलो होतात, काट्यावर तीन दिसत होते. कागद आणि शरीर इतकं जुळलं तरी पुष्कळ झालं.

मला खरं कोडं वेगळंच पडलं होतं. इतकी शिस्तीची बाई चिमूटभर शेवेवर का थांबत नव्हती? ताईंनीच सांगितलं, “पहिली चिमूट गेली की वाटतं, आजचा दिवस गेलाच, उद्यापासून बघू.” हे फक्त ताईंचं नाही. 1975 साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी खाण्यावर ताबा ठेवणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर उलट जास्त आइस्क्रीम खाल्लं. नियम जितका कडक, तितकं तो मोडल्यावर सुटणं मोठं. ताईंचं भाकरी-भाजीचं हलकं जेवण साडेआठला आणि झोप बाराला, मग भूक लागणारच. ती केळ्यावर भागत होती. केळं गेल्यावर ती डब्यांकडे वळली.

आता तुमच्या मैत्रिणीच्या म्हणण्यात तथ्य किती, तेही सांगते. रात्री शरीर साखर सकाळइतकी चटकन हाताळत नाही, हे खरं. पण म्हणून फळातली साखर सगळी चरबीत जात नाही. झोपेतही मेंदू, हृदय, यकृत चालूच असतात आणि त्यांना इंधन लागतं. एका फळातली बरीचशी साखर अशीच खर्ची पडते किंवा यकृतात पुढच्या काही तासांसाठी राखून ठेवली जाते. चरबी वाढते ती दिवसभराची बेरीज सतत जास्त राहिली की. त्या बेरजेत फळही धरायचं, सूट नाही. भरपेट जेवणावर रोज वाटीभर साखर घातलेला आमरस किंवा शिकरण घेतलं तर ते मोजावंच लागेल. रसापेक्षा फळ चावून खाल्लेलं बरं, चोथा राहतो आणि पोट भरल्याचं कळतं.

मधुमेह असेल तर फळ कोणतं आणि किती, हे डॉक्टरांना विचारून ठरवा. खाल्ल्यावर दोन तासांनी साखर मोजली की तुमच्या शरीराचं उत्तर मिळेल. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी केळं विचारल्याशिवाय खाऊ नये, त्यात पोटॅशियम बरंच असतं. आणि जळजळ होत असेल तर खाऊन लगेच आडवं होऊ नका, दोन-तीन तास जाऊ द्या. झोपेतून उठून उठून खावं लागत असेल, तर मात्र तो फळाचा प्रश्न नाही, मानसोपचारतज्ज्ञांना भेटा.

ताईंनी केळं परत सुरू केलं. अट एकच होती, बसून आणि ताटलीत खायचं. शेव-दाण्यांचे डबे वरच्या फळीवर गेले, पण बंदी कशावरच घातली नाही. वजन रोज करायचं सोडून रविवारी सकाळी करायचं ठरलं. तीन महिन्यांत दीड किलो उतरलं.

परवा त्यांचा मेसेज आला. “लग्नाहून आले, रात्री केळं खाल्लं. रविवार नसताना काट्यावर चढले, सातशे जास्त! उतरले आणि चहा टाकला.”