स्वभावाची गोष्ट नाही, चाळीस व्यवहारांची आहे

"नोकरी सांभाळून इंट्राडे, स्विंग की लाँग टर्म? वीस हजार आहेत, वेळ थोडा आहे." असं एकाने विचारलंय. इंट्राडे म्हणजे शेअर घेतले त्याच दिवशी विकायचे, स्विंग म्हणजे काही दिवस किंवा आठवडे ठेवायचे, लाँग टर्म म्हणजे वर्षानुवर्षे.

इंट्राडेबद्दल मेव्हणे मला म्हणाले होते, "सकाळी एक तास दे, पुरे." मी डोंबिवलीहून फोर्टला जातो. 9:15 ला बाजार उघडतो तेव्हा मी गाडीत उभा असतो, एक हात दांडीला.

2023 मधली गोष्ट. माझे 20,000, ब्रोकरने पाचपट मार्जिन दिलं, म्हणजे लाखाचे शेअर. 9:40 ला घेतले. स्टॉपलॉस, म्हणजे तोट्यात कुठल्या भावाला विकून बाहेर पडायचं ते, मनात ठेवला, ऑर्डर टाकली नाही. अकराला मीटिंग लागली. बाहेर आलो तर भाव 3 टक्के खाली. वर येईल म्हणून थांबलो. बाजार बंद व्हायच्या आधी ब्रोकरने सौदा आपोआप कापला तेव्हा घट 4 टक्के झाली होती. शेअर 4 टक्के पडला आणि माझं भांडवल 20 टक्के गेलं. सौदा त्यांनी कापला म्हणून वेगळा आकार लागला तो निराळाच.

मेव्हणे अजून म्हणतात, "तुझा स्वभावच नाही." स्वभाव असू दे, आधी हिशोब बघा. लाखाच्या एका इंट्राडे सौद्याला दोन्ही बाजूंची दलाली 40, विक्रीवर एसटीटी हा शेअर-व्यवहारांवरचा कर 25, बाकी मुद्रांक शुल्क, एक्स्चेंजचा आकार आणि जीएसटी धरून साधारण 80 रुपये. रोज दोन सौदे, महिन्याला चाळीस, म्हणजे 3,200. वीस हजारांवर 16 टक्के, नफा-तोटा सुरू व्हायच्या आधीच! सेबीच्या अभ्यासात 2022-23 मध्ये रोख बाजारात इंट्राडे करणाऱ्या दहापैकी सात जणांना तोटा झाला. सगळ्यांचाच स्वभाव वाईट होता का?

स्विंगमध्ये प्रत्येक सौदा रकमेच्या मानाने महाग पडतो. डिलिव्हरीत, म्हणजे शेअर त्याच दिवशी न विकता ठेवले तर, एसटीटी खरेदीवर आणि विक्रीवर, दोन्हीकडे 0.1 टक्का. पण वीस हजारांच्या सौद्याला दलाली नसेल तर सगळं मिळून साठ-सत्तर रुपये, आणि महिन्याला सौदे दोनच. मी रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास चार्ट बघतो, जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप जाणारी ऑर्डर, लावतो आणि झोपतो. तोटा रात्रभर डोक्यात घेऊन झोपता येत नसेल तर मात्र स्विंगही नको, कारण सकाळी भाव थेट स्टॉपलॉसच्या खाली उघडू शकतो आणि जीटीटी तिथे वाचवत नाही.

लाँग टर्मला तिमाही निकाल वाचायची तयारी आणि पडझडीत गप्प बसायची सवय हवी. एवढंच.

तुम्ही वीस हजारांत इंट्राडे करू नका. दलाली ब्रोकरप्रमाणे बदलते, तेव्हा ब्रोकर सौद्यांच्या हिशोबाची जी कॉन्ट्रॅक्ट नोट पाठवतो, त्या महिन्याभराच्या नोटा उघडून आकाराची बेरीज भांडवलाने भागून बघा. मेव्हण्यांना मी हेच करायला सांगितलं होतं. त्यांनी एकही नोट अजून उघडलेली नाही.