टाचदुखीसाठी चालायचे बूट कसे निवडावेत?

प्रश्न: प्लांटर फॅसायटिस आहे, रोज सकाळी कांपालच्या बागेत चालतो. कसले बूट घेऊ?

उत्तर: दुकानात बोट रुतेल असा मऊ बूट हातात देतील, त्याला भुलू नका. मीही तसलाच घेतला होता. महिन्याभरात टाचेखालचा फोम बसला आणि कळ परत आली.

बूट हातात घेऊन टाच आणि चवडा धरून वाकवा. तो बोटांच्या मुळाशी वाकला पाहिजे. मधोमध दुमडला तर ठेवून द्या, कारण तिथेच तळव्याखालचा दुखरा चिवट पट्टा ताणला जातो. मग टाचेमागची कड चिमटीत दाबा, ती चेपता कामा नये. टाचेकडचा तळ चवड्यापेक्षा साधारण १० मिलिमीटर उंच असला तर या पट्ट्यावरचा ताण कमी होतो. खरेदीला संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

आणि एक, सकाळी उठल्यावर अनवाणी पाय लादीवर टेकवू नका. टाचेला आधार असलेली चप्पल खाटेजवळच ठेवा. पायाला मुंग्या येत असतील किंवा रात्री पडल्यापडल्याही ठणकत असेल, तर मात्र आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.