'पानी' तुमचं, वेलांटी सगळ्यांची

"माझ्या कथेत माय 'पानि' म्हणते. तुम्ही त्याची दुसरी वेलांटी केलीत. आमच्या अकोल्याकडे 'पाणी' कुणी म्हणत नाही. पुणेरी शुद्धलेखन माझ्या माणसांच्या तोंडी घालू नका. 'पानि' तसंच छापा."

तुमच्या मायच्या तोंडचा 'न' मी कुठेही बदललेला नाही. मुद्रित पुन्हा एकदा बघा. 'पानी', 'लोनी', 'म्हने', 'कोन' हे सगळे शब्द जसेच्या तसे आहेत. वऱ्हाडीत 'ण'च्या जागी 'न' येतो, तो कानाला ऐकू येतो आणि म्हणून तो कागदावर यायलाच हवा. मी हात लावला तो फक्त शेवटच्या वेलांटीला, आणि ती वेलांटी वऱ्हाडी नाही.

हे पडताळायला सोपं आहे. तुमच्या घरातल्या कुणाला तरी 'पानि' आणि 'पानी' अशा दोन चिठ्ठ्या द्या आणि मोठ्याने वाचायला सांगा. तुम्ही पाठमोरे बसा. कुठली चिठ्ठी वाचली हे तुम्हाला सांगता येणार नाही. शब्दाच्या शेवटी येणारा इकार ऱ्हस्व लिहिला की दीर्घ, यानं मराठी बोलण्यात फरक पडत नाही, पुण्यात नाही आणि अकोल्यातही नाही. तो लेखनाचा संकेत आहे. साहित्य महामंडळाच्या ज्या नियमांना शासनानं १९६२ साली मान्यता दिली, त्यांत शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ लिहावेत असं ठरलं, म्हणून 'कवि'चाही 'कवी' झाला. 'पानि' लिहिल्यानं वाचकाला वऱ्हाडी जास्त ऐकू येत नाही. ती फक्त चूक दिसते, आणि तिच्यामुळे शेजारचा खरा वऱ्हाडी 'न'सुद्धा त्याला चूकच वाटू लागतो. मला भीती आहे ती याची.

(संस्कृतात 'पाणि' म्हणजे हात. 'पाणिग्रहण' या शब्दात पहिली वेलांटी आहे ती त्यामुळे. पाण्याशी तिचा संबंध नाही.)

तुम्ही विचाराल, मग 'आनि' मी पहिल्याच वेलांटीनं का ठेवला? 'आणि' आणि 'नि' ही दोन अव्ययं नियमातच ऱ्हस्व ठेवली आहेत. बोलीत 'ण'चा 'न' झाला तरी वेलांटी तीच राहते. तुमच्या हस्तलिखितात 'आनि' पानोपानी आहे. माझा अंदाज, त्याच्या ओघात 'पानि' आलं असावं. तेही सगळीकडे नाही. मी मोजलं: अकरा ठिकाणी 'पानि' आहे आणि तीन ठिकाणी 'पानी', त्यातली दोन खुद्द मायच्या तोंडी.

आता जिथे तुम्ही बरोबर आहात ते. "पोरा, मले गिलासभर पानी दे" या वाक्यात मी 'गिलास'चा 'ग्लास' केला होता. ती दुरुस्ती मी मागे घेते. 'गिलास' म्हणताना 'ग' आणि 'ल' यांच्यामध्ये एक जास्तीचा स्वर स्पष्ट ऐकू येतो, माय तसंच बोलणार, आणि तिथे मी माझ्या सवयीनं पेन चालवलं. एकाच वाक्यातल्या दोन वेलांट्या बघा: 'गि'मधली वेलांटी आवाज दाखवते, 'नी'ची वेलांटी फक्त रूढी पाळते. पहिलीवर हक्क तुमचा. दुसरी मायच्या वाक्यातही तशीच लागते, जशी निवेदकाच्या वाक्यात लागते.

'ळ'चं मात्र तुम्हालाच ठरवावं लागेल. 'डोया', 'जवय' हे तुम्ही छान पकडलं आहे आणि मी त्यांना शिवले नाही. पण ज्या उताऱ्यात माय "मह्या डोयात काही गेलं" म्हणते, त्यातच चार ओळींनंतर तिच्याच तोंडी 'डोळे' आलं आहे. माणसं अशी मिसळून बोलतात हे मला माहीत आहे. शाळेत गेलेला धाकटा मुलगा तसा बोलला तर मी खूणही करणार नाही. माय उभ्या कथेत इतर कुठेही 'ळ' उच्चारत नाही, म्हणून समासात प्रश्नचिन्ह टाकलं आहे. 'काया ढग' इथेही एक खूण आहे: वाचक क्षणभर 'काया' म्हणजे देह असं वाचेल. पुढच्या 'ढग' शब्दानं अर्थ सावरतो, त्यामुळे माझं मत ते तसंच ठेवावं असं आहे.

निवेदनातलं एक 'पानी' राहिलं. "विहिरीचं पानी आटलं होतं" हे वाक्य निवेदकाचं आहे आणि त्याची बाकी भाषा प्रमाण आहे. तो त्या क्षणी मायच्या मनातून बोलत असेल तर 'पानी' ठेवू, पण मग 'होतं'चं 'व्हतं' करायचं का तेही सांगा. नसेल तर तिथे 'पाणी' हवं. दुसरं मुद्रित शुक्रवारी निघेल. तोवर 'डोळे', 'काया' आणि विहिरीचं हे वाक्य, एवढ्या तीन जागांचा निर्णय कळवा. 'गिलास' मी आजच परत घातला आहे.