सरांच्या निरोपाचं भाषण : तुझ्या मसुद्याला उत्तर

प्रिय,

मसुदा वाचला. सरांनी बुद्धिबळात जिंकून दिलेल्या ढालींची यादी आहे आणि हरलेल्या स्पर्धांचं काय करायचं, हा तुझा प्रश्न आहे. यादी काढून टाक. मीही अशा प्रसंगी याद्याच वाचल्या आहेत, त्याची खंत आहे, म्हणून हट्टाने सांगतो: डाव दाखव.

कुठला? तू हरलास तोच. स्कोअरशीट शोध. शेवटच्या चाली त्यावर बहुतेक नसतील, कारण घड्याळात पाच मिनिटांहून कमी वेळ उरला आणि चालीमागे तीस सेकंदांची भर नसली, की लिहिण्याची सक्ती राहत नाही. शेवटच्या लिहिलेल्या चालीपासून पट मांडून पुढचं आठव.

तू सांगितलेली स्थिती अशी: पांढरा राजा ई-५ वर, त्याचं प्यादं ई-६ वर, तुझा काळा राजा ई-७ वर आणि चाल तुझी. प्रेक्षकांना फक्त ही तीन मोहरी दाखव. मागे जायला तीन घरं आहेत, त्यांतलं एकच वाचवतं: सरळ मागे, ई-८. मग पांढरा डी-६ वर आला की तू डी-८ वर, त्याच्या समोर. त्याने प्यादं ई-७ वर ढकलून शह दिला की तू परत ई-८ वर. आता प्यादं राखायला तो ई-६ वर आला, तर तुला शह नाही आणि हलायला घरही नाही. डाव बरोबरीत, अर्धा गुण.

तू गेलास डी-८ वर. पांढरा डी-६ वर येऊन समोर उभा राहिला. तू ई-८, प्यादं ई-७, तुला एफ-७ वर जावंच लागलं, पांढरा राजा डी-७ वर आला आणि प्याद्याचा वजीर झाला. घाईत राजा तिरका सरकतो, कारण तिरकं जाणं निसटल्यासारखं वाटतं. सर वर्षानुवर्षं 'सरळ मागे' का ओरडत होते, ते सभागृहाला इथे कळेल. वर्णन नको रे, डाव दाखव!

जिंकलेल्या स्पर्धेचंही याच तीन मोहऱ्यांवर सांग. पुढच्या वर्षी प्यादं तुझं होतं आणि तू ते ढकललं नाहीस. आधी राजा पुढे नेलास. राजा ई-६ वर, प्यादं मागे ई-५ वर, समोरचा ई-८ वर: चाल कुणाचीही असो, जिंकलास. (कडेच्या प्याद्याला हे लागू नाही. तेवढं सांगच, नाहीतर सर स्वतः उठून सांगतील.)

'दीपस्तंभ', 'शिल्पकार' हे शब्द खोड. सहा मिनिटं पुरेत. भिंतीवरचा चुंबकी पट आदल्या दिवशी लाव आणि शेवटच्या रांगेत बसून बघ, काळा राजा दिसतो का.