नेट नसताना दादरहून परळच्या टाटा रुग्णालयापर्यंत: घरून काय तयार करून निघावं

प्रश्न: पुढच्या आठवड्यात आईला घेऊन चाळीसगावहून परळच्या टाटा रुग्णालयात जायचंय. मुंबईत माझं नेट नेहमी दगा देतं. नकाशा आधी उतरवून आणि ठिकाणं साठवून काम भागेल का? नेमकं काय करू?

भागेल. पण गूगल मॅप्सचा उतरवलेला नकाशा एकटा पुरणार नाही. तो नेटशिवाय फक्त गाडीचा रस्ता सांगतो. पायी जायचा रस्ता, लोकल-बसची माहिती आणि वाहतूक कोंडी हे सगळं नेटवरच मिळतं. तुमचा कस तर शेवटच्या एक किलोमीटरला लागणार आहे आणि तो बहुतेक पायीच असेल. म्हणून सोबत Organic Maps हे मोफत ॲप घ्या. ते ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा वापरतं आणि पायी रस्ताही फोनमध्येच काढतं. वाय-फायवर असताना त्यात महाराष्ट्राचा नकाशा उतरवा. गूगलमध्ये आपल्या फोटोवर टिचकी मारून Offline maps आणि मग Select your own map निवडा. चौकट शिवडीपासून वरळीपर्यंत आणि वर माटुंग्यापर्यंत ताणा. टॅक्सीत रस्ता पाहायला तो उपयोगी पडेल.

आता खुणा. मुंबईत नुसतं ठिकाणाचं नाव साठवणं धोक्याचं, कारण शहर रुळांनी उभं चिरलेलं आहे. पूर्वेची जागा पश्चिमेला शोधत बसलात तर नकाशावर दोनशे मीटर दिसणारं अंतर पूल शोधता शोधता सहज किलोमीटरभर होतं. त्यामुळे खूण इमारतीवर नको, ज्या दारातून आत जायचं त्या दारावर ठेवा. नेट असताना गूगलवर नकाशा पूर्ण मोठा करा आणि फाटकावर बोट दाबून धरा. पिन पडली की दोन आकडे दिसतील. ते कॉपी करून Organic Maps च्या शोधपट्टीत डकवा आणि ती जागा साठवा. मुंबईत पहिला आकडा 18 किंवा 19 ने आणि दुसरा 72 ने सुरू होतो. उलट दिसले तर अदलाबदल झाली आहे. दशांशानंतर चार अंक हवेतच. चौथ्या अंकापर्यंत जागा साधारण दहा मीटरच्या आत येते, दोनच अंक राहिले तर किलोमीटरभराची चूक होऊ शकते.

नातेवाईक व्हॉट्सॲपवर नकाशाची छोटी लिंक पाठवतात तिच्यावर विसंबू नका. त्या लिंकमध्ये जागा लिहिलेली नसते. ती उघडायला नेट लागतं, तेव्हा कुठे खरा पत्ता समजतो. त्यांच्याकडून आकडेच मागवा.

तुमच्यासाठी मी पाचच खुणा ठेवेन: दादरचा पूर्वेकडचा दरवाजा, परळ स्टेशनचा पूर्वेकडचा दरवाजा, रुग्णालयाचं फाटक, उतरायच्या जागेचं दार आणि तिथलं जवळचं औषधांचं दुकान. नावं कृती सांगणारी द्या, उदाहरणार्थ 'परळ पूर्व, रुग्णालयाकडे'. खुणेच्या टिपणात फोन नंबर, नोंदणीची वेळ आणि धीम्या लोकलची माहिती लिहून ठेवा, कारण हे नकाशा सांगणार नाही. लोकलचं वेळापत्रक एम-इंडिकेटरमध्ये नेटशिवायही दिसतं.

प्रत्यक्ष जाताना असं करा. दादरला उतरल्यावर पूर्वेला, म्हणजे मध्य रेल्वेच्या बाजूला बाहेर पडा. रुग्णालय मध्य रेल्वेच्या रुळांच्या पूर्वेलाच आहे, त्यामुळे टॅक्सीला रूळ ओलांडावे लागत नाहीत. चुकून पश्चिमेला, कबुतरखान्याच्या बाजूला निघालात तर टॅक्सी टिळक पुलावरून वळसा घालून आणेल. आईंना जिना झेपत असेल आणि गर्दीची वेळ नसेल तर दादरहून सीएसएमटीकडे जाणारी धीमी लोकल पकडा. पुढचंच स्टेशन परळ. जलद लोकल तिथे थांबत नाही.

आणि इथेच जुना नकाशा फसवतो. परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा रस्त्याचा पूल सप्टेंबर 2025 मध्ये पाडून नवा बांधण्यासाठी बंद केला. त्याआधी उतरवलेला नकाशा गाडीला बिनधास्त त्याच पुलावरून पाठवेल. तुम्ही उतरणार आहात ती जागा प्रभादेवीकडे, म्हणजे पश्चिमेला असेल, तर हे लागू पडतं. निघायच्या आदल्या रात्री दोन्ही ॲपमधले नकाशे अद्ययावत करा. मग त्या जागेपासून रुग्णालयापर्यंतचा गाडीचा रस्ता काढून पाहा. तो अजूनही एल्फिन्स्टनवरून जात असेल तर तो मार्ग सोडा. टॅक्सीवाल्याला दादरच्या टिळक पुलावरून किंवा करी रोडच्या पुलावरून न्यायला सांगा. पायी रस्ताही तपासा. रेल्वेचे काही पूल फलाटांवरूनच जातात आणि तिथे तिकीट लागतं, पण नकाशा ते सांगत नाही. जोरदार पावसात हिंदमाताजवळ पाणी साचतं, तेही उतरवलेल्या नकाशाला दिसत नाही. त्या दिवशी चालकाचं ऐका.

सगळ्यात जास्त लोक घाबरतात ते निळा ठिपका दिसत नाही तेव्हा. जीपीएसला नेट लागत नाही, पण नेट असताना उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला लगेच मिळते. नेट नसेल तर ती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते. एका उपग्रहाचा तो संदेश पूर्ण यायला अर्धा मिनिट लागतो आणि मध्ये छत आलं की पुन्हा थांबणं आलं. म्हणून कल्याण सोडलं की खिडकीशी बसून लोकेशन चालू करा आणि नकाशा दोन-तीन मिनिटं उघडा ठेवा. ती माहिती पुढे तास-दोन तास कामाला येते, त्यामुळे दादरला ठिपका लवकर सापडतो. फलाटाच्या पत्र्याखाली किंवा उंच इमारतींच्या मध्ये तो रस्त्याच्या पलीकडे उडी मारतो, कारण संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो. ठिपक्याभोवतीचं वर्तुळ मोठं असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका, मोकळ्या जागी येऊन थांबा. लोखंडाजवळ बाणाची दिशाही चुकते. त्यामुळे बाण न बघता पंधरा-वीस पावलं चाला आणि ठिपका खुणेकडे सरकतोय की दूर जातोय ते पाहा.

भुयारी मेट्रोत, म्हणजे आरे ते कफ परेडच्या मार्गिकेत, ठिपका येणारच नाही. तिथे स्टेशनच्या दारांचे क्रमांक वाचूनच बाहेर पडावं लागतं. तुमच्या वाटेवर ती येत नाही, पण पुढे कुठे गेलात तर कोणत्या दाराने निघायचं ते खुणेच्या टिपणात आधीच लिहा.

निघायच्या आदल्या दिवशी घरी चाचणी घ्या. विमान मोड लावा, वाय-फाय बंद आहे ना पाहा, लोकेशन चालू ठेवा आणि अंगणात उभे राहा. ठिपका आला पाहिजे, पाचही खुणा उघडल्या पाहिजेत आणि परळ स्टेशनच्या खुणेपासून फाटकापर्यंत पायी रस्ता निघाला पाहिजे. रस्ता निघाला नाही तर बहुतेक महाराष्ट्राचा नकाशा पूर्ण उतरलेला नसतो. मग Organic Maps मधली खुणांची यादी Export करून सोबत येणाऱ्याच्या फोनवर पाठवा. त्याच्याकडेही तेच ॲप आणि तोच नकाशा हवा. तुमच्या फोनची बॅटरी रांगेत संपली तरी फाटक त्याच्या फोनवर सापडेल.